आमची वाटचाल: कन्नड उताऱ्यापासून कफीलच्या पत्रापर्यंत

२००६ साली बेळगावच्या शहापुरात आम्ही झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान काढलं. गिऱ्हाइकं बहुतेक खानापूरकडची. कन्नड उतारा किंवा नोटीस पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "यात काय आहे तेवढं मराठीत सांगा." पुढे त्याच विश्वासानं आखातातल्या नोकरीची पत्रं येऊ लागली.

सुरुवातीला माझी मोठी चूक झाली. एका वेल्डरला 'स्पॉन्सर' म्हणजे 'प्रायोजक' असं शब्दाला शब्द लिहून दिलं. त्याची समजूत झाली की सगळा खर्च कंपनी सोसणार. व्हिसा त्या एकाच मालकाच्या नावावर असतो, परमिट बदलल्याशिवाय दुसरीकडे काम करता येत नाही, हे त्याला तिकडे गेल्यावर कळलं. ते मला अजून लागून राहिलंय. आता आम्ही 'ज्याच्या नावावर तुझा व्हिसा तो मालक' असं लिहितो आणि शेजारी 'कफील', कारण तिकडे हाच शब्द कानावर पडतो.

गेल्या वर्षी नंदगडचा एक मुलगा दुबईचं पत्र घेऊन आला. दहावी नापास, वाचतो मराठी. "काका, पंधराशे धीरम पगार आहे."

पत्रात मूळ पगार ९०० होता, राहण्याचे ४०० आणि प्रवासाचे २०० वेगळे. मी वही काढली. तिथल्या कायद्यानं ओव्हरटाइम मूळ पगारावर धरतात. ९०० चे दिवसाला ३०, तासाला पावणेचार, आणि दिवसाच्या ओव्हरटाइमला सव्वापट म्हणजे ४ धीरम ६९ फिल्स. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही तशीच. वर्ष पूर्ण झालं तरच मिळते, आणि पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, म्हणजे ६३०. तो पंधराशेच्या हिशोबानं मनात १०५० धरून बसला होता.

पत्राला इंग्रजी आणि अरबी असे दोन रकाने होते. दोन्हींत फरक पडला तर अरबी खरं मानतात, म्हणून अरबी शिकवणाऱ्या एका गुरुजींना आम्ही पत्र दाखवतोच. प्रोबेशन इंग्रजीत तीन महिने होतं, अरबीत सहा. सहा कायद्यात बसतात, पण तेवढे दिवस मालक चौदा दिवसांच्या नोटिशीवर कामावरून काढू शकतो. पोरानं होकार दिला होता तो तीन महिन्यांना.

तिथल्या मंत्रालयाचं ऑफर लेटर हिंदीतही निघतं, मराठीत नाही. मी त्याला एजंटाकडे दुरुस्त पत्र हिंदीसह मागायला लावलं. एजंट म्हणाला, "आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग बघू." त्या व्हिसावर काम करणं बेकायदा, आणि दहावी न झालेल्याचा असतो तसा ईसीआर पासपोर्ट असेल तर नोकरीसाठी जाताना आपल्या सरकारच्या ई-मायग्रेटवरून मंजुरी लागते. पोरानं नकार दिला.

आठ दिवसांनी दुरुस्त पत्र आलं. तो बाकावर बसला, हिंदी रकान्यावर बोट ठेवून स्वतः वाचत गेला आणि 'मूल वेतन ९००' पाशी थांबून म्हणाला, "काका, हिशोब ह्याच्यावरच करायचा ना?"