दोन बैठका, तीन गुंतवणूकदार आणि एक चुकीचं खातं

आमच्या कंपनीत पहिली बाहेरची गुंतवणूक आली तेव्हा माझी समजूत होती की अवघड काम म्हणजे गुंतवणूकदार मिळवणं. करारावर सह्या झाल्या, आता फक्त बोर्डाचे मिनिट्स लिहायचे, असं मी भागीदाराला सांगितलंही होतं. प्रत्यक्षात त्या मिनिट्सनीच आम्हाला महिनाभर धरून ठेवलं. त्यातला एक ठराव तर बैठकीच्या आदल्या रात्री पुन्हा लिहावा लागला.

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्हा दोघांकडे मिळून १,००,००० इक्विटी शेअर्स होते, दर्शनी किंमत १० रुपये. कंपनीचं गुंतवणुकीपूर्वीचं मूल्य ८ कोटी ठरलं, म्हणजे शेअरमागे ८०० रुपये, त्यात ७९० रुपये प्रीमियम. नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालातली किंमत याच्या आतच होती. २ कोटी उभे करायचे होते, म्हणजे २५,००० नवे शेअर्स. पहिल्या गुंतवणूकदाराचे १ कोटी (१२,५०० शेअर्स), दुसऱ्याचे ४० लाख (५,०००) आणि तिसऱ्याचे ६० लाख (७,५००). वाटपानंतर तिघांचा मिळून वाटा २० टक्के.

मी एका ओळखीच्या स्टार्टअपकडून मिनिट्सचा नमुना आणला होता. त्यात एकाच बैठकीत फंडिंगला मंजुरी आणि लगेच खाली शेअर्सचं वाटप, असे दोन ठराव होते. नावं आणि आकडे बदलून मी तो आमच्या कंपनी सेक्रेटरी मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "सर, ज्या दिवशी तुम्ही ऑफर देताय त्याच दिवशी वाटप कसं करणार? पैसे कुठे आलेत अजून?"

मग त्यांनी क्रम समजावला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ खाली निवडक लोकांना शेअर्स द्यायचे तर पहिल्या बोर्ड बैठकीत कुणाला ऑफर द्यायची ती नावं, किंमत आणि ऑफर लेटरचा मसुदा मंजूर होतो, आणि सर्वसाधारण सभा बोलावली जाते. त्या सभेत भागधारकांचा विशेष ठराव. तो MGT-14 फॉर्मने निबंधकांकडे दाखल झाल्यावरच ऑफर लेटर, म्हणजे PAS-4, बाहेर जाऊ शकतं. मग पैसे, आणि पैसे आल्यावर दुसरी बोर्ड बैठक, वाटपासाठी. शेअर्स देण्याचा ठराव बैठकीतच व्हावा लागतो, कागद फिरवून सह्या घेतलेल्या चालत नाहीत.

त्याच फोनवर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी माझ्या अजिबात लक्षात आली नव्हती. आमचं अधिकृत भांडवल १० लाख रुपये होतं. १० रुपयांचे १,००,००० शेअर्स म्हणजे ते पूर्ण भरलेलं. नवा एक शेअर द्यायलाही जागा नव्हती. त्यामुळे सभेच्या सूचनेत भांडवल १५ लाखांपर्यंत वाढवण्याचा ठरावही आला आणि SH-7 फॉर्म आधी भरायचं ठरलं.

पहिली बैठक ४ जूनला झाली. भागधारक आम्ही दोघंच, त्यामुळे कमी मुदतीच्या सूचनेला संमती देऊन १२ जूनला सभा घेतली. दोन दिवसांत SH-7 आणि MGT-14 दोन्ही गेले. १६ जूनला प्रत्येकाच्या नावाने, अनुक्रमांक घातलेली ऑफर लेटर्स निघाली. पैशांसाठी वेगळं बँक खातं उघडलं होतं, कारण अर्जाची रक्कम वेगळीच ठेवावी लागते. ते पैसे वाटप होऊन त्याची माहिती देणारा PAS-3 फॉर्म दाखल होईपर्यंत वापरता येत नाहीत. पगाराची तारीख जवळ येत होती आणि खात्यात २ कोटी दिसत होते. तरी हात लावला नाही. ते दिवस आम्ही दोघांनी स्वतःचे पैसे घालून काढले.

२५ जूनपर्यंत तिन्ही रकमा आल्या. २ जुलैच्या बैठकीसाठी मी ठरावाचा मसुदा तयार ठेवला: "सर्व अर्जदारांकडून संपूर्ण रक्कम प्राप्त झाली असून २५,००० शेअर्सचे वाटप करण्यात येत आहे." १ जुलैच्या संध्याकाळी मॅडमनी खात्याचा उतारा मागितला. मी रकमा जुळवल्या होत्या. त्यांनी पैसे पाठवणाऱ्यांची नावं वाचली. दुसऱ्या गुंतवणूकदाराने अर्ज स्वतःच्या नावाने केला होता, पण ४० लाख त्याच्या फर्मच्या खात्यातून आले होते. कायद्याप्रमाणे जो शेअर्स घेणार त्याच्याच खात्यातून पैसे यायला हवेत.

मी म्हणालो, "त्यांच्याकडून पत्र घेऊ की, की पैसे माझ्याच वतीने दिलेत म्हणून." मॅडम म्हणाल्या, "पत्र घेतलंत तरी उतारा तोच राहणार. आणि मिनिट्समध्ये 'अर्जदारांकडून प्राप्त' असं लिहिलंत तर ते खरं नसेल. त्याच्याखाली सही तुमची असेल."

अध्यक्ष म्हणून सही मीच करणार होतो. त्या वाक्यानंतर मी वाद घातला नाही.

रात्री ठराव नव्याने लिहिला. 'सर्व अर्जदार' गेलं. त्याजागी प्रत्येकाची वेगळी ओळ आली: अर्जदाराचं नाव, रक्कम, कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून आली, शेअर्सची संख्या आणि शेअर्सचे क्रमांक. क्रमांकही बदलावे लागले. जुन्या मसुद्यात १,१२,५०१ ते १,१७,५०० हे दुसऱ्या गुंतवणूकदाराचे होते. आता तिथून तिसऱ्याचे ७,५०० सुरू झाले आणि १,२०,००० ला संपले. फर्मचे ४० लाख परत करण्याचा निर्णय वेगळ्या परिच्छेदात, कारणासकट लिहिला.

अजून एक पेच होता. २०,००० शेअर्सच दिले तर एकूण १,२०,००० होतात, आणि पहिल्या गुंतवणूकदाराचा वाटा १० ऐवजी १०.४२ टक्के दिसतो. करारात सगळं वाटप एकदम होईल असं धरलं होतं. म्हणून रात्रीच तिघांना फोन केले आणि दोन टप्प्यांत वाटप करायला लेखी संमती मागितली. सकाळी बैठकीआधी तिन्ही ईमेल आले, त्यांचा उल्लेखही मिनिट्समध्ये केला.

ठरल्याप्रमाणे २ जुलैला पहिलं वाटप झालं. PAS-3 ला वाटपापासून १५ दिवस मिळतात, आम्ही तो ४ जुलैला भरला आणि त्यानंतर १ कोटी ६० लाख चालू खात्यात घेतले. ३ जुलैला दुसऱ्या गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातून ४० लाख आले. त्याच्यासाठी ६० दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजायची होती, तेवढ्यात वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, आणि तेही चुकलं तर वर्षाला १२ टक्के व्याज. आम्ही १० जुलैलाच बैठक घेतली. अजेंड्यावर एवढा एकच महत्त्वाचा ठराव होता: क्रमांक १,२०,००१ ते १,२५,०००.

जुलैच्या दोन्ही बैठकांच्या मिनिट्सचे मसुदे १५ दिवसांच्या आत संचालकांना पाठवले. ३० दिवसांच्या आत ते वहीत उतरले, पानांना सलग क्रमांक आणि प्रत्येक पानावर माझी आद्याक्षरं. १० जुलैच्या मिनिट्सवर सही करण्याआधी मी बँकेचा उतारा समोर ठेवून पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा एकदा वाचलं.