स्टुटगार्टच्या दुकानात बेळगावचा कुंदा शोधताना

लेकीकडे जर्मनीला पहिल्यांदाच निघाले होते, तेव्हा बॅगेत सगळ्यात आधी ठेवला तो एक किलो कुंदा. नातीला बेळगावहून दुसरं काय न्यायचं? पण निघायच्या आदल्या दिवशी जावयांचा फोन आला, "आई, कुंदा आणू नका. दुधाचं काहीच चालत नाही." मला खरं वाटेना, पण नियम खरंच तसा आहे. भारतातून युरोपियन युनियनच्या देशांत जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या खाण्यापुरतेही नेता येत नाहीत. म्हणजे कुंदा, पेढे, खवा आणि घरचं तूप सगळंच गेलं. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही राहू द्या, कारण 2019 च्या डिसेंबरपासून ताज्या भाजी-फळांना झाडांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच : अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. माझ्या बॅगेतलं ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी आणि घरचा मसाला मात्र कोणी अडवला नाही. कुंदा शेजारणीकडे दिला आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, पुढे रेल्वेने स्टुटगार्ट अशी पोचले.

पोचल्यावर नातीने पहिलं विचारलं, "आज्जी, कुंदा?" मी म्हटलं, इथेच करू की. दूध तर सगळ्या जगात मिळतं.

बेळगावच्या शहापुरात आमच्याकडे गवळी म्हशीचं दूध घालतो. तापवून ठेवलं की सकाळी बोटभर साय येते. लेकीच्या घरी कपाटात, फ्रिजबाहेर, दुधाची खोकी रचलेली होती. दोन लिटर ओतलं आणि आटवायला बसले. दीड तास ढवळलं. साय धरेना, कडेला रवाळ थर जमेना. आटत आल्यावर दही घातलं तर फुटलं खरं, पण कण इतके बारीक आणि मऊ की पिठल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी हाताला आला तो जेमतेम दोन वाट्या चिवट गोळा, गार झाल्यावर दगड. नातीने न बोलता खाल्ला. मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकानं बंद. हे नीट लक्षात ठेवा : जर्मनीत रविवारी आणि सणाच्या दिवशी किराणा दुकानं उघडत नाहीत, मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही तेवढी सुरू असतात. मी एप्रिलच्या शेवटी गेले होते, त्या आठवड्यात 1 मेचीही सुट्टी आली. तुमचं विमान शनिवारी संध्याकाळी उतरणार असेल तर लेकीला सोमवारपर्यंतचं दूध-भाजी आधीच भरून ठेवायला सांगा.

सोमवारी आम्ही तिघी निघालो. ढकलगाड्या एकमेकींना साखळीने अडकवलेल्या असतात. खाचेत एक युरोचं नाणं घातलं की एक सुटते, परत लावली की नाणं मिळतं. ते नाणं पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

दुधाच्या कपाटासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. नात पहिलीत आहे, जर्मन अक्षर अक्षर जोडून वाचते. ती वाचायची, लेक अर्थ सांगायची आणि मी डायरीत देवनागरीत लिहून घ्यायची. त्या डायरीतलं इथे उतरवते, कारण हेच मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

फ्रिजबाहेर, साध्या फळीवर जे दूध असतं ते 'हा-मिल्श'. अतिशय कडक तापवलेलं, महिनोन् महिने टिकणारं. चहाला ठीक आहे. पण त्या तापवण्यात दुधातल्या प्रथिनांचा स्वभावच बदलतो, म्हणून फुटलं तरी कण टणक धरत नाहीत. माझा पहिला कुंदा तिथेच फसला होता. शिवाय त्या खोक्यावर 'फेटआर्म' आणि 1.5 लिहिलेलं होतं, म्हणजे शेकडा दीडच स्निग्धांश. आमच्या म्हशीच्या दुधात तो सहा-सातच्या घरात असतो. खव्याला मऊपणा येतो तो स्निग्धांशाने, तो नसला की राहतो नुसता चिवटपणा.

फ्रिजमधल्या दुधातही दोन तऱ्हा आहेत. 'लेंगर हाल्टबार' म्हणजे जास्त दिवस टिकणारं, आणि 'ट्राडिट्सिओनेल' म्हणजे जुन्या पद्धतीने साधं पाश्चराइज केलेलं. आपल्याला दुसरं हवं, आणि खोक्यावर 3.5 किंवा 3.8 आकडा हवा. तरीही साय धरणार नाही, कारण बहुतेक दुधातली चरबी यंत्राने बारीक करून दुधातच मिसळून टाकलेली असते. साय हवी असेल तर 'निश्ट होमोगेनिझिअर्ट' शोधायचं. ते आम्हाला काचेच्या बाटलीत मिळालं. बाटली हातात घेतली आणि मानेपाशी पिवळसर साईचा पट्टा दिसला. मी लेकीला हाक मारली, "हे बघ, हे दूध!" इतकं बरं वाटलं की बाटली गाडीत न ठेवता हातातच धरून पुढे गेले. बाटलीचे 15 सेंट ठेव म्हणून बिलात लागतात, रिकामी परत दिली की मिळतात, तेव्हा ती फेकू नका.

पण म्हशीचं दूध ते म्हशीचंच. 3.8 वरून सहापर्यंत पोचायचं कसं? तिथेच उभं राहून हिशेब केला. 'श्लागझाने' नावाची गोड साय 200 मिलीच्या डब्यात मिळते, तिच्यात शेकडा 30 स्निग्धांश. दोन लिटर दुधात तसा एक डबा घातला की एकूण सहाच्या आसपास येतं. मात्र डबा घेताना 'झाउरे' हा शब्द नाही ना, ते बघा. झाउरे म्हणजे आंबट. तोही डबा शेजारीच असतो, दिसायला तसाच, आणि तो उकळत्या दुधात घातला तर दूध वेळेआधी फुटेल.

भाव बघतानाही एक गोष्ट शिकले. फळीवरच्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्यात पाकिटाची किंमत असते आणि खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव असतो. तो लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे. चष्मा लावून तोच बघायचा. मोठं पाकीट स्वस्त पडतं असं धरून चालू नका.

पिठाच्या फळीवर मात्र चुकले. पाकिटं कागदी, आतलं दिसत नाही, बोटांत घेऊन बघायची सोय नाही. लेकीने सांगितलं होतं, "आई, आकडा जितका मोठा तितकं पीठ कोंड्याचं." खरंच आहे ते. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. 405 म्हणजे आपला मैदा, 550 त्याच्या जवळचं. कोंडा जास्त तशी राख जास्त. म्हणून मी नातीला म्हटलं, सर्वात मोठा आकडा शोध. तिने 1150 शोधला, मी घेतला. घरी भिजवलं तर कणीक हाताला सुटेना. पीठ लावावं तितकं ते पाणी मागे, लाटण्याला चिकटे, ओढलं तर न ताणता तुटे. लेक ऑफिसातून आली, पाकीट बघितलं आणि म्हणाली, "आई, हे रोगेन आहे." रोगेन म्हणजे राय. गव्हासारखी लवचीक तार त्यात धरत नाही, पोळी होणारच नाही.

तेव्हा आकड्याआधी धान्याचं नाव बघा. 'वाइत्सेन' म्हणजे गहू. त्याचं पहिलं अक्षर इंग्रजी डब्ल्यू, रोगेनचं आर. डिंकेल नावाचा गव्हाचा जुना भाऊबंदही असतो, त्याची पोळी होते पण लवकर तुटते. आम्हाला लागू पडलं ते वाइत्सेन 1050. पाणी कोमट घ्या, आपल्या चक्कीच्या पिठापेक्षा थोडं कमी, आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवा. 'फोलकोर्न' लिहिलेलं अख्ख्या गव्हाचं पीठ घेतलंत तर चाळून घ्या, कोंड्याचे मोठे तुकडे पोळीला भोकं पाडतात. राय फेकलं नाही. कांदा-मिरची घालून थालीपीठं थापली, ती उत्तम झाली. त्यासाठी हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीच्या घसघशीत जुड्या तुर्की दुकानात मिळाल्या, कच्चे शेंगदाणेही तिथेच.

भाजीत पांढऱ्या शतावरीचे ढीग लागले होते, तो त्यांचा हंगाम. मला त्यातलं काही कळेना. आणि मग शेजारी दिसला नवलकोल! पाल्यासकट, हिरवागार. चिठ्ठीवर 'कोलराबी'. आमच्या गणपत गल्लीत भाजीवाली मराठीत नवलकोल म्हणते, तिच्याच शेजारची कन्नडमध्ये नविलुकोसु. खाली एक खोकं होतं, बायका पाला मोडून त्यात टाकत होत्या आणि नुसता गड्डा नेत होत्या. मी पाल्यासकट चार घेतले. कोवळा पाला डाळ घालून परतला की काय लागतो, हे त्यांना सांगावंसं फार वाटलं, भाषा नव्हती.

गल्ल्यावर घाई असते. बाई वस्तू सरकवत जाते, पिशवीत भरून देत नाही. जड वस्तू पट्ट्यावर पुढे ठेवा, म्हणजे त्या पिशवीत आधी जातात, आणि पिशवी घरूनच न्या.

संध्याकाळी जाड बुडाच्या पसरट भांड्यात दूध आणि साय एकत्र चढवलं. मध्यम आच, सतत ढवळणं. निम्म्याहून कमी झाल्यावर चार चमचे आंबट दही घातलं. या वेळी कण धरले, वाळूसारखे, चमच्याला जाणवणारे. पाणी आटेपर्यंत परतलं. दुसऱ्या पातेल्यात 200 ग्रॅम साखर तपकिरी होईपर्यंत वितळवून त्यात ओतली. ओतताना लांब राहा, जोरात उसळते. नात स्टुलावर उभी राहून वेलची सोलत होती.

बेळगावहून ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. लेकीने फोन भांड्यावर धरला. ह्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "रंग अजून यायचाय. दहा मिनिटं दे."

मी आच बारीक केली आणि ढवळत राहिले.