उष्टा चमचा आणि अर्धा जार: माझा अनुभव

आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. लेक सहा महिन्यांची झाली आणि डॉक्टरांनी वरचं खाणं सुरू करा म्हटल्यावर नवऱ्याने उत्साहाच्या भरात दुकानातून बेबी फूडचे जार उचलून आणले, रताळं, वाटाणा, पेअर, गाजर, मिळेल ते. प्रत्येक जार चार औंसाचा, म्हणजे ११३ ग्रॅम. आता सहा महिन्यांचं बाळ पहिल्या आठवड्यात खाऊन खाऊन किती खाणार, दोन चमचे पोटात आणि चार बिबवर. उरलेला जवळपास अख्खा जार माझ्याकडे बघत बसायचा.

मग मी जे कोणीही करेल तेच केलं. झाकण लावलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी परत काढला, त्याच जारमध्ये चमचा घालून भरवलं, परत झाकण, परत फ्रीज. एक रताळ्याचा जार मी असा तीन दिवस चालवला आणि वर स्वतःला काटकसरी समजले 😅

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आतलं रताळं ओळखू येईना. पहिल्या दिवशी कसं होतं, तर चमचा उलटा केला तरी पडणार नाही इतकं घट्ट, आणि आता वर बोटभर पिवळसर पाणी आणि खाली सरसरीत पिठल्यासारखं काहीतरी. वास घेतला तर वास अगदी छान, गोडसर. शेजारी दुसरा रताळ्याचाच जार होता, आदल्या दिवशी उघडलेला पण त्यातलं वाटीत काढून घेतलेलं, तो मात्र जसाच्या तसा घट्ट. एकच कंपनी, एकच चव, एकच फ्रीज. मला वाटलं जारच खराब निघाला, म्हणून मुलांच्या डॉक्टरांच्या नर्स लाइनला फोन लावला.

तिकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, की भरवलेला चमचा परत जारमध्ये गेला होता का? मी म्हटलं हो, मग कशाने भरवणार. त्या म्हणाल्या, फेकून द्या, जार खराब निघालेला नाही, तुम्ही केलाय. बोलल्या गोडच पण मला लागलं ते लागलं.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एंझाइम असतं, ते स्टार्च फोडतं. पोळी बराच वेळ चावली की गोड लागते ना, तेच. रताळं, तांदूळ, बटाटा, नाचणी या सगळ्यांचा घट्टपणा स्टार्चमुळे असतो, त्यामुळे चमच्यावरून थोडीशी लाळ जारमध्ये गेली तरी ती आत काम करत राहते, फ्रीजमध्ये जरा हळू इतकंच, आणि घट्ट प्युरीचं पाणी होतं. पातळ होणं हा स्वतः काही आजार नाही. पण लाळेबरोबर तोंडातले जंतूही गेलेले असतात, आणि प्युरी म्हणजे ओलं, मऊ, पौष्टिक, त्यांच्या वाढीला अगदी छान जागा. तर पातळ झालेला जार म्हणजे चमचा आत जाऊन आल्याची पावती. उलटं मात्र धरू नका, पेअर किंवा पीचमध्ये स्टार्च फारसा नसतो, ते उष्टं झालं तरी तसं पातळ पडत नाही आणि तुम्हाला काही कळतही नाही. वासाचंही तेच, ज्या जंतूंनी पोट बिघडतं त्यांचा वास यायलाच हवा असं काही नाही.

मग नियम काय, तर ज्या जारमधून थेट भरवलं, त्यातलं उरलेलं त्याच वेळी टाकायचं. किती तास, किती दिवस हा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे फॉर्म्युलाच्या बाटलीचं मी हे आधीपासून पाळत होते, बाळाने तोंड लावलं की तासाभरात संपवा नाहीतर ओता. तेच जारला लागू पडतं हे डोक्यात आलंच नव्हतं.

(हो, त्या आठवड्यात लेकीला जुलाब झाले होते. जारमुळेच का, असं मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले नक्की सांगता येणार नाही, दात येतायत, सगळं तोंडात घालते, कशानेही असेल. म्हणून मीही जारवर आळ घेत नाही. पण रात्री दोनला चौथं डायपर बदलताना मला मात्र तो जारच दिसत होता.)

यानंतर पद्धत बदलली आणि ती खरं तर अगदी सोपी आहे. जार उघडायच्या आधी झाकणाचा मधला भाग बघायचा, तो आत दबलेला पाहिजे आणि उघडताना टक् आवाज आला पाहिजे. आधीच वर आलेला असेल, बोटाने टकटक वाजत असेल, तर तो जार वापरायचाच नाही. मग स्वच्छ कोरड्या चमच्याने आज लागेल तेवढंच, आमच्याकडे तीन चमचे, वाटीत काढायचं आणि जारला लगेच झाकण लावून आत. भरवायचा चमचा वेगळा, तो फक्त वाटीत. अजून मागितलं तर परत स्वच्छ चमच्यानेच जारमधून काढायचं, आणि इथेच माणूस चुकतो, कारण एका हातात वळवळणारं बाळ असतं आणि हातातला चमचाच जारमध्ये जातो. म्हणून मी आता तो दुसरा चमचा जारच्या शेजारी आधीच काढून ठेवते. कोमट करायचं तर वाटीच गरम पाण्यात धरते, जार मायक्रोवेव्हमध्ये घालत नाही, कारण वरून कोमट लागतं आणि मध्येच एखादा घास चटका बसेल इतका गरम निघतो.

अशा न उष्टावलेल्या जारचं आयुष्य फ्रीजमध्ये किती, तर फळांचं दोन ते तीन दिवस, भाज्यांचंही साधारण तेवढंच, भाजी आणि चिकन एकत्र असेल तर एक ते दोन दिवस, आणि नुसतं चिकन किंवा अंडं असेल तर एकच दिवस. घरी केलेलं असेल तर एक ते दोन दिवस. मी झाकणावर चिकटपट्टी लावून मार्करने वार आणि वेळ लिहिते, ‘सोम सकाळ ९’ असं, म्हणजे बुधवारी सकाळी ९ ला वाद नको. आणि जार फ्रीजच्या दारात ठेवायचं बंद केलं. नवऱ्याने एक छोटा थर्मामीटर आणून ठेवला तर आत ३८ फॅरेनहाइट आणि दारात ४६, आणि पाहिजे ४० किंवा कमी, म्हणजे आपलं ४ सेल्सियस. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, दुसरं काय होणार.

मग आई आली नाशिकहून. आई आली म्हणजे जार बंद आणि खिमट सुरू, मूगडाळ तांदूळ भाजून, शिजवून, मिक्सरला फिरवून. लेक आवडीने खायची, जारपेक्षा जास्तच. पण आई एकदम पातेलंभर करायची आणि ते ओट्यावर निवत ठेवायची, दुपारपर्यंत. मी म्हटलं आई दोन तासांच्या वर बाहेर नको, ती म्हणाली अगं आम्ही तुम्हाला असंच वाढवलं. माझं लाळ, अमायलेज, जंतू हे सगळं पुराण तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाळाचं काय उष्टं, ते तर देवाचं. मी म्हटलं आई, बाळाचं उष्टं तू खा, खुशाल खा, मी बाळाला संध्याकाळी तिचंच सकाळचं उष्टं नको म्हणतेय. उष्टं अन्न तू कधी परत मूळ पातेल्यात टाकतेस का? त्यावर ती गप्प. आमच्या घरी ताटातली भाजी परत कढईत गेली असती तर आजीने कढई घासायला टाकली असती! दुसऱ्या दिवसापासून आई स्वतःच वाटीत वेगळं काढायला लागली, वर मलाच सांगायची चमचा नीट बघ म्हणून.

ओट्यावर ठेवण्याचं मात्र वेगळं आहे, तिथे उष्ट्याचा संबंध नाही. तांदळात काही जंतूंची बीजं असतात ती शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ती जागी होतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर उकळलं तरी जात नाही, म्हणून ‘परत एक उकळी काढते की’ हा उपाय इथे चालत नाही. आम्ही मग खिमट खोल पातेल्याऐवजी पसरट ताटात ओतायला लागलो, वीस मिनिटांत वाफ जाते, आणि लगेच वाटण्या करायच्या. एक वाटी आत्ताची, एक डबी उद्याची, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये. एक घर साधारण दोन टेबलस्पूनचं. गोठलं की ठोकळे झिपलॉकमध्ये, तारीख घालून, आणि महिना दीड महिन्यात संपवायचे. आदल्या रात्री दोन ठोकळे खालच्या कप्प्यात काढून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी नीट वाफ येईपर्यंत गरम करून मग कोमट करून द्यायचे, उरले तर परत फ्रीजर नाही. काचेचा जार मात्र फ्रीजरमध्ये नको, मी एक ठेवलेला, तडकला.

पाऊचबद्दल पण सांगते कारण तिथे मी दुसऱ्यांदा फसले. पाऊचला चमचा लागत नाही म्हणून मला वाटलं सेफ. पण पोरगी तोंडाने चोखते आणि सोडला की थोडं आत परत जातं, म्हणजे जारपेक्षा वाईटच. तेव्हा एकतर वाटीत पिळायचा नाहीतर उरलेला फेकायचा.

मे महिन्यात नाशिकला गेलो तेव्हा बाहेर ४० सेल्सियसच्या आसपास, तिथे दोन तासांचा एक तास होतो, ३२ च्या वर गेलं की एकच तास धरायचा. त्यात दुपारी लाइट गेले. चार तासांच्या आत आले असते आणि फ्रीज न उघडता राहिला असता तर चाललं असतं, पण आमच्याकडे येणारा जाणारा प्रत्येक जण थंड पाण्यासाठी दार उघडत होता. आईनेच भोपळ्याची डबी काढली, म्हणाली हे छोटीला नको. मग त्यात कणीक, तिखट, मीठ घालून तिने गरम गरम थालीपीठं थापली आणि आम्ही चौघांनी ती अंधारात बसून खाल्ली.