पऱ्हाटीत कोणी निजत नाही

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात बचत गटातील बायांसाठी मी गेल्या हिवाळ्यात योगनिद्रेचे वर्ग घेत होते. कापूस वेचणीचा हंगाम सुरू होता आणि दिवसभर वाकून कंबर धरलेल्या पंधरा-सोळा बाया संध्याकाळी समाजमंदिराच्या सतरंजीवर येऊन पडत. वाचण्यासाठी माझ्याकडे वीस मिनिटांची संहिता होती. तिचा साचा बिहारमधील मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी रूढ केलेल्या योगनिद्रेचा होता, म्हणजे आधी संकल्प, मग उजव्या हाताच्या अंगठ्यापासून शरीरभर लक्ष फिरवणे, श्वास मोजणे आणि शेवटी एखादे दृश्य डोळ्यांपुढे आणणे. मूळ संहितेत ते दृश्य समुद्रकिनाऱ्याचे होते. यांतील बहुतेकींनी समुद्र पाहिलेला नसल्यामुळे मी ते बदलले आणि त्याजागी फुटलेल्या कापसाचे पांढरेशुभ्र शेत लिहिले. या बदलावर मी बरीच खूश होते, हे कबूल केले पाहिजे.

"तुम्ही कापसाच्या शेतात उभ्या आहात," असे मी सावकाश वाचले आणि पुढच्या रांगेतील एका आजींनी डोळे उघडले. "बाई, पऱ्हाटीत कोनी निजते का? तिथं गेलं की हात आपोआप वेचाले लागते." सगळ्या हसल्या. दुसरीने सुकलेल्या बोंडाची टोके बोटांत कशी रुततात ते दाखवले, तिसरीने किलोमागे मिळणाऱ्या मजुरीचा विषय काढला आणि त्या दिवशीची योगनिद्रा तिथेच संपली.

रात्री मी संहिता घेऊन बसले, तेव्हा दृश्यापेक्षा मोठा दोष वाक्यांत असल्याचे ध्यानात आले. एक वाक्य असे होते: "आता आपले संपूर्ण लक्ष उजव्या हाताच्या अंगठ्यापासून खांद्यापर्यंतच्या सर्व स्नायूंकडे वळवून ते पूर्णपणे शिथिल होत असल्याचा अनुभव घ्या." मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे काय करायचे हे कळेपर्यंत पडलेल्या बाईला सगळे वाक्य डोक्यात धरून ठेवावे लागते, आणि धरून ठेवणे म्हणजे पुन्हा कामच. मी हे वाक्य मोडून असे लिहिले: "उजवा हात. अंगठा… त्याच्या शेजारचं बोट… मधलं… चौथं… करंगळी. तळहात… मनगट… कोपर… खांदा. सगळा हात… सैल." 'स्नायू' आणि 'शिथिल' हे दोन्ही शब्द गेले. 'सैल' मात्र राहिला, कारण गाठ सैल करणे, दावे सैल सोडणे हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहे.

मग मी स्वतः जमिनीवर पडून मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकले. सावकाश वाचायचे म्हणून मी प्रत्येक अक्षर ताणले होते आणि ते ऐकताना विश्रांतीऐवजी कंटाळा येत होता. शब्द नेहमीच्या, फक्त थोड्या खालच्या आवाजात म्हणावा आणि सावकाशपणा शब्दांनंतरच्या शांततेत ठेवावा, हे तेव्हा उमगले. ही शांतताही सगळीकडे सारखी चालत नाही. बोटांची नावे घेताना फार थांबलो तर मन घरच्या चुलीकडे निघून जाते, म्हणून तिथे एका नावामागून दुसरे लगेच यायला हवे. "श्वास बाहेर जातो" यानंतर मात्र तो श्वास खरोखर बाहेर जाईपर्यंत गप्प बसावे लागते. मूळ संहितेत सोळाशेच्या आसपास शब्द होते, म्हणजे मिनिटाला ऐंशी, आणि गप्प बसायला जागा जवळजवळ नव्हतीच. कापत कापत ते नऊशेवर आणले.

"श्वास रोखून धरा" ही सूचना मी काढून टाकली, कारण गटातील दोघींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. शेवटचे "आता उठून बसा" हेही तीन तुकड्यांत लिहिले: "बोटं हलवा… कुशीवर वळा… हाताचा आधार घेऊन बसा." बराच वेळ पडून राहिल्यावर झटकन उठले की वयस्कर बायांना चक्कर येते.

दृश्याच्या जागी कोणतेही दृश्य घातले नाही. कोणाला वावर नको, कोणाला नदी नको, कारण नदीला पूर येतो आणि पिकासकट माती जाते. तिथे आता एवढेच आहे: "पाठ जमिनीला टेकली आहे. डोकं जमिनीला टेकलं आहे. टाचा टेकल्या आहेत." प्रत्येक वाक्यापुढे थांबण्याची खूण आहे.

या खुणा मी आधी सेकंदांत लिहिल्या होत्या. पुढे गावातील आशाताई वाचू लागल्या, तेव्हा त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आणि आवाजात घाई येई. म्हणून "दहा सेकंद" खोडून तिथे "दोन श्वास" लिहिले. आता त्या पुढच्या रांगेतील आजींच्या पोटाकडे पाहतात, लुगडे दोनदा वर येऊन खाली गेले की पुढची ओळ वाचतात.