वाक्याची शेपटी न कापता नॉइज गेट बसवताना

मी नागपुरात घरूनच एक्सेल शिकवतो. लाइव्ह वर्ग ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमधून जातो, आणि एक्सेल म्हटलं की बोलता बोलता टाइप करणं आलंच. त्यामुळे माइकमध्ये माझ्या आवाजासोबत दोन गोष्टी कायम जात होत्या : वाक्य सुरू करण्याआधीचा श्वास आणि कीबोर्डची टकटक. ओबीएसमध्ये माइकला नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर, लावला की तो आधीपासून भरलेल्या आकड्यांवर चालू होतो : बंद होण्याची पातळी मायनस ३२ डेसिबल, उघडण्याची मायनस २६. श्वास गेला, टकटक बरीच गेली. पण दुसऱ्याच दिवशी एका विद्यार्थ्याचा मेसेज आला, "सर, तुमचं वाक्य 'आहे'वर येते अन् 'आ'वरच संपून राहिलं."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मराठी बोलणाऱ्याला हा त्रास जास्त होणार हेही लक्षात आलं. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. 'आहे', 'होतो', 'नाही' येईपर्यंत आवाज खाली उतरलेला असतो, आणि 'आहे'मधला 'हे' तर अर्धा श्वासच असतो. 'पाऊस'चा शेवटचा 'स' ही नुसती हवा. 'ठीक'ची गंमत वेगळीच : 'क' म्हणण्याआधी जीभ टाळूला टेकून हवा अडवते, तेवढा क्षण पूर्ण शांतता असते आणि मग बारीकसा 'क' फुटतो. गेटला ती शांतता दिसली की त्याच्या लेखी शब्द संपला.

मग पहिला उपाय सगळे करतात तोच केला, थ्रेशोल्ड, म्हणजे गेट उघडण्या-मिटण्याची रेषा, खाली आणला. मायनस ४८ला शब्द पूर्ण आले, आणि श्वास व कीबोर्डही पूर्ण आले. नुसती पट्टी वर-खाली सरकवून हे सुटत का नाही, ते बघायला मी गेट बंद करून दोन-तीन मिनिटं नेहमीसारखं शिकवलं, मुद्दाम मधे गप्प बसलो, टाइप केलं, आणि ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं.

इथे एक सोपी युक्ती आहे. एखादा तुकडा, समजा फक्त श्वास, सिलेक्ट करायचा आणि Amplify उघडायचं. तो आवाज पार शून्य डेसिबलपर्यंत, म्हणजे कमाल पातळीपर्यंत, वाढवायला किती लागेल ते खिडकीत आधीच लिहिलेलं असतं. तिथे ४० दिसलं तर तुमचा श्वास मायनस ४०ला आहे. आकडा लिहून घ्यायचा आणि Cancel करायचं. ओबीएसचा मीटर डोळ्यांसमोर इतका नाचतो की त्यावरून असा आकडा काढणं मला तरी जमत नाही.

माझे आकडे असे निघाले. बोलण्याची शिखरं मायनस १२च्या आसपास. रिकामी खोली मायनस ५८. श्वास मायनस ४०. 'आहे'चा शेवट मायनस ४१. आणि कीबोर्ड मायनस ३१, म्हणजे माझ्या शब्दांच्या शेवटांपेक्षा कितीतरी मोठा! जो थ्रेशोल्ड कीबोर्डला बाहेर ठेवील तो शेवटही बाहेर ठेवणार. हे गेटच्या हातातलं नाहीच, माइक हलवायला हवा.

माझा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं जास्त ऐकतो आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. तो टेबलावरच्या छोट्या स्टँडवर, कीबोर्डच्या पलीकडे, तोंडापासून ३५ सेंटीमीटरवर उभा होता. बर्डीच्या बाजारातून एक बूम आर्म, म्हणजे माइक धरणारा लांब हात, आणली, टेबलाच्या कडेला कसली, आणि माइक तोंडापासून १५ सेंटीमीटरवर थोडा बाजूने, पाठ कीबोर्डकडे येईल असा आणला. अंतर एवढं कमी झाल्याने आवाज सुमारे ७ डेसिबलने वाढला. तेवढाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, कमी केला, की बोलणं जागच्या जागी राहिलं आणि कीबोर्ड आपोआप ७ने खाली गेला. पाठ फिरवल्यामुळे आणखी थोडा उतरून तो मायनस ४३वर आला. एंटर आणि स्पेसबार मात्र जोरात आपटतात, ते मायनस ३९. टेबलातून स्टँडमार्गे येणारा धपधप आवाजही आर्ममुळे गेला.

श्वासाला या हलवाहलवीने काहीच फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. श्वास त्याच तोंडातून येतो. माइक जवळ आणला की तोही शब्दांसोबत वाढतो आणि गेन कमी केला की सोबतच उतरतो. श्वास मायनस ४०, 'आहे'चा शेवट मायनस ४१, हे जसंच्या तसं राहिलं.

म्हणजे पातळीवरून या दोघांना वेगळं करता येत नाही. वेगळा असतो तो त्यांचा क्रम : 'हे' मोठ्या आवाजाच्या पाठोपाठ लगेच येतो, श्वास थोडा थांबून येतो. गेटमध्ये वेळेची जी बटणं आहेत ती याच कामाची.

ओबीएसच्या गेटला दोन थ्रेशोल्ड का असतात, तर फ्रिजचा कॉम्प्रेसर जसा एका तापमानाला सुरू होतो आणि त्यापेक्षा खालच्या तापमानाला बंद होतो, तसंच इथे. एकच रेषा असती तर आवाज तिच्या आसपास रेंगाळला की गेट फडफडत राहिलं असतं. बहुतेक जण शेवट वाचवण्यासाठी बंद होण्याची रेषा खूप खाली नेतात. माझ्या मते गडबड तिथेच होते. रेषा मायनस ४६ला नेली, तर गेट मिटायला उशिराने सुरुवात करतं आणि मायनस ४०चा श्वास ते मिटण्याआधीच आत शिरतो. म्हणून मी ती रेषा श्वासाच्या किंचित वर, मायनस ३७ला ठेवली. शब्दाचा शेवट या रेषेच्या खाली जातो, जाऊ दे. त्याला सांभाळायचं काम होल्डचं. रेषेखाली गेल्यावरही गेट जितका वेळ पूर्ण उघडं राहतं तो होल्ड, आणि त्यानंतर जितक्या वेळात हळूहळू मिटतं तो रिलीज.

होल्ड किती, हेही त्या रेकॉर्डिंगमधूनच मोजलं. आवाज मायनस ३७च्या खाली गेल्यापासून शब्द खरोखर संपेपर्यंत 'आहे'ला १३० मिलिसेकंद लागत होते, 'ठीक'ला त्या मधल्या शांततेसकट १५०, 'पाऊस'ला १७०. आणि शब्द संपल्यापासून श्वास सुरू व्हायला, मी घाईत असतानाही, २६०. 'आहे'नंतरचा श्वास म्हणजे रेषेपासून ३९० मिलिसेकंदांवर. मग होल्ड १७०पेक्षा मोठा हवा, आणि होल्ड अधिक रिलीज मिळून ३९०च्या आत हवेत. २२० आणि १२० घेतले, बेरीज ३४०. श्वास येतो तेव्हा गेट मिटलेलं असतं, आणि त्याला पुन्हा उघडण्याएवढा जोर श्वासात नाही, कारण उघडण्याची रेषा मायनस ३३वर आहे. एंटरची मायनस ३९ही तिच्या खालीच राहते.

```
Close Threshold: -37 dB
Open Threshold: -33 dB
Attack Time: 5 ms
Hold Time: 220 ms
Release Time: 120 ms
```

हे आकडे उचलून जसेच्या तसे लावू नका, माइक आणि गेन बदलला की सगळंच सरकतं. अटॅक, म्हणजे गेट उघडायला लागणारा वेळ, मी २५वरून ५वर आणला, कारण थांबल्यानंतरचा पहिला शब्द 'टाका' किंवा 'कॉपी' असला की 'ट' आणि 'क' बोथट येत होते. 'हो', 'हा' यांनी सुरुवात केली तर 'ह'चा पहिला अंश आजही जातो, तो मायनस ३६लाच असतो. मागून स्वर लगेच येत असल्याने ऐकणाऱ्याला कळत नाही, मी सोडून दिलं.

तपासायलाही रोज नव्याने बोलायची गरज नाही. तेच कच्चं रेकॉर्डिंग ओबीएसमध्ये मीडिया सोर्स म्हणून टाकलं, लूपवर लावलं, गेट त्याच्यावर बसवलं आणि हेडफोन लावून बटणं फिरवली. बोलणं प्रत्येक वेळी तेच असल्याने बदल फक्त बटणाचा ऐकू येतो. जमल्यावर फिल्टर कॉपी करून माइकवर पेस्ट. फिल्टरच्या यादीत गेट वर आणि कॉम्प्रेसर त्याच्या खाली असू द्या. उलट लावलं तर कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग आउटपुट गेनने सगळंच वर येतं, श्वाससुद्धा, आणि मोजलेले आकडे वाया जातात. मिटिंगच्या अ‍ॅपमध्ये माइकचा आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असते, तीही बंद ठेवा. ती विंडोजमधली माइकची पातळीच हलवते, आणि काल बरोबर बसलेलं गेट आज शेवट खायला लागतं.

बोलत असतानाची टकटक मात्र जात नाही. तेव्हा गेट उघडंच असतं, आणि उघडं गेट सगळंच सोडतं. माझ्या आवाजाखाली ती दबते एवढंच.

एवढं सगळं बसलं होतं हिवाळ्यात. एप्रिल लागला, खिडकीत कूलर आला, आणि रिकामी खोली थेट मायनस ४१वर चढली. तो उघडण्याच्या रेषेच्या खालीच होता, त्यामुळे गप्प बसलो की शांतता. पण तोंड उघडलं की माझ्यामागे कूलरचा झोत चालू, वाक्य संपलं की बंद. सतत चालणारा कूलर ऐकणारा विसरतो, असा तुटक आवाज करणारा विसरत नाही. इथे कोणताच थ्रेशोल्ड कामाचा नाही. रेकॉर्डिंग असेल तर मी सकाळी सहाला, कूलर बंद ठेवून करतो. दुपारचा लाइव्ह वर्ग कूलरशिवाय घेणं नागपुरात शक्य नाही, तेव्हा गेटऐवजी एक्सपांडर लावतो, तो रेषेखालचा आवाज बंद न करता आणखी खाली ढकलतो : रेशो २, म्हणजे रेषेखालचं अंतर दुप्पट, आणि थ्रेशोल्ड मायनस ३५. त्यात मायनस ४१चा कूलर मायनस ४७ला जातो, पूर्ण मिटत नाही, त्यामुळे ये-जा खटकत नाही. श्वास थोडा ऐकू येतो, येऊ द्या. दोन्ही फिल्टर यादीत तसेच आहेत. पावसाळा लागून कूलर उतरला की एक्सपांडरच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून तो बंद करायचा आणि गेट चालू.