आत्याच्या गुडघ्यांनी ठरवलेली यात्रा

रविवार, रात्री साडेनऊ

आज मंगेशीला जाऊन आले. दर्शन घेतलं, पण खरं काम वेगळं होतं. पुढच्या महिन्यात मुंबईहून आत्या आणि थोरले काका येणार आहेत. आत्या ८१ वर्षांची, उजवा गुडघा पार झिजलेला. काका ७७ चे, २० वर्षांचा मधुमेह. दोघांनाही कुळदेवांचं दर्शन घ्यायचंय आणि "हेच शेवटचं" असं दोघंही म्हणतात. मला ते ऐकवत नाही, म्हणून मी त्यांना तारखा विचारत बसते.

गाडी थांबते तिथून दुकानांमधली वाट मी मुद्दाम आत्याच्या चालीने चालले. दहा पावलं, थांबणं, पुन्हा दहा पावलं. तसं चालल्यावरच दिसलं की टेकायला कठडा कुठे आहे आणि पायऱ्यांना धरायला काय आहे. पायऱ्या किती, हे आपण सगळे विचारतो. पण पायरी किती उंच आहे आणि आधाराला हात कुठे ठेवायचा, हे त्याहून महत्त्वाचं. वीतभरापेक्षा कमी उंचीच्या पायऱ्या आत्या थांबत थांबत चढते. उंच दगडी पायरी एकच असली तरी तिथे ती अडते. आणि तिचा खरा प्रश्न उतरताना येतो, कारण तेव्हा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर पडतो. गेल्या वर्षी फिजिओथेरपिस्टने तिला शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, काठी दुखऱ्या पायाबरोबर. उतरताना मी तिच्या पुढे एक पायरी खाली राहायचं, हे ठरलं.

काकांचं उलट आहे. पायऱ्या ते झरझर चढतात, पण तळपायाला संवेदना कमी. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालले तर चटका बसलेला त्यांना कळतच नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, अंगठ्याखालची जखम भरायला दीड महिना लागला. मोजे घालायला सांगितले तर गुळगुळीत फरशीवर घसरण्याची भीती. म्हणून एकच उपाय, सकाळी लवकर जायचं आणि अकराच्या आत खोलीवर परतायचं. रोज संध्याकाळी मी स्वतः त्यांचे तळवे उजेडात बघणार, बोटांच्या मधेसुद्धा.

मुक्कामाचं मात्र मी आधी चुकीचं ठरवलं होतं. माझं घर म्हापशाला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा फोंड्यातलं एखादं हॉटेल घ्यावं असा विचार होता. पण मागच्या खेपेचं आठवलं. "लिफ्ट आहे" असं फोनवर सांगितलेलं, आणि लिफ्ट होती ती नऊ पायऱ्या चढून गेल्यावर! आत्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तू वर जा गं, मी इथेच झोपते." तिचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. आता देवळाजवळच्या अग्रशाळेत खोली मागायची. फोनवर विचारायचं ते कागदावर लिहून ठेवलंय: तळमजला आहे का, कमोड आहे का, न्हाणीघरात उतरायला पायरी आहे का, आणि खाट आहे की जमिनीवर गादी. आत्या जमिनीवर बसली तर उठवायला दोन माणसं लागतात.

अग्रशाळेचा खरा फायदा मला आजच कळला. काकांना सोमवारची पालखी बघायचीय. आई म्हणाली, "सोमवार टाळा, मंगेशीला गर्दी असते." तिचं खरं आहे. रात्री रांगेत उभं राहायचं, मग फोंड्यापर्यंत गाडीतून जायचं, म्हणजे काकांच्या जेवणाची आणि गोळीची वेळ चुकणार. पण खोली देवळाला लागून असेल तर काका आधी जेवून, पालखीच्या वेळेला बाहेर येऊन कडेला खुर्चीवर बसतील. पाय भरून आले तर दोन मिनिटांत परत. आत्याही येईल, हे मला माहीत आहे, ती नको म्हणेल आणि सगळ्यात आधी तयार होऊन बसेल.

म्हणजे रविवारी संध्याकाळी मडगावला उतरायचं, सोमवार पूर्ण विश्रांती, रात्री पालखी. मंगळवारी पहाटे उठून मंगेशाचं दर्शन आणि अभिषेक, सोमवारची वर्दळ ओसरलेली असते. संध्याकाळी गाडीने म्हार्दोळला म्हाळसेकडे, ते अगदी जवळ. बुधवारी पुन्हा काही नाही. हा दिवस ठेवण्यावरून चुलतभावाशी वाद झाला. तो म्हणाला, विश्रांती शेवटी ठेव. पण आत्याचा गुडघा त्याच दिवशी बोलत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सुजतो. म्हणून विश्रांती दर्शनाच्या लगेच नंतर हवी. गुरुवारी कवळे, शांतादुर्गा, तिथून जवळच रामनाथी. शुक्रवारी परतीची गाडी.

पाच दिवसांत चार देवळं. नागेशी गाळलं. काका फोनवर गप्प झाले, मग म्हणाले, "नागेश तर तिथलाच मूळचा देव, त्यालाच टाळता?" मला वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने मंगेश कुशस्थळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, रामनाथ लोटलीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. नागेश मात्र बांदिवड्याचाच. पण ते देव रातोरात नदी ओलांडून या फोंड्याच्या अंत्रुज महालात आले, म्हणूनच आज एवढी कुळदैवतं काही कोसांच्या आत सापडतात आणि ८१ वर्षांची बाई ती पाहू शकते. जंगलातल्या तांबडी सुर्लाच्या देवळाचं नाव निघालं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं, तो रस्ता दोघांनाही सोसणार नाही.

अखेर काकांना सांगितलं, गुरुवारी सकाळी आत्या ठीक असली तर रामनाथीहून परतताना नागेशीला जाऊ. काकांनी आत जायचं, आत्याने गाडीतूनच हात जोडायचे. नक्की शब्द दिला नाही. रांग पाहून ठरवणार. चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं त्यांना जास्त बाधतं, पाय जड होतात आणि काकांना चक्कर येते. त्यामुळे एक घडीचं स्टूल बरोबर घेतलंय. रांग थांबली की काका बसतील, पुढे सरकली की मी स्टूल उचलीन.

काकांच्या लघवीच्या गोळीचं राहिलंच. ती सकाळी घेतली की दोन तास दर वीस मिनिटांनी जावं लागतं. दर्शनाच्या दिवशी ती परतल्यावर घेतली तर चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला हवं. स्वतःच्या मनाने वेळ बदलायला मी काकांना बजावून नको म्हटलंय.

रात्री आत्याचा फोन आला. पायऱ्या किती, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "अगं, काठीचं रबर झिजलंय बहुतेक, परवा फरशीवर सरकली." मी म्हटलं, काठी उलटी करून बघ, खालची वर्तुळं दिसतायत का. पलीकडे बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग म्हणाली, "नाही, सगळं गुळगुळीत झालंय." उद्या म्हापशाच्या बाजारातून दोन रबरं आणायची आहेत. काठीच्या टोकाची जाडी तिने दोऱ्याने मोजून ठेवलीय, तो दोरा काकांनी फुटपट्टीवर धरून मला सांगितला.