मेमोरंडम पंचनाम्यातला कोर्टात चालणारा भाग : माझा अनुभव

खुनाच्या केसचे कागद हातात आले की मी फिर्यादीनंतर लगेच मेमोरंडम पंचनामा काढतो. आरोपी पोलीस कोठडीत असताना दोन पंचांसमोर जे सांगतो ते या कागदावर उतरवलेलं असतं, आणि त्यावरून निघालेल्या वस्तूचा जप्ती पंचनामा त्याला जोडलेला असतो. निम्मी केस इथेच तरते नाहीतर बुडते.

निवेदन साधारण असं असतं : ‘जमिनीच्या वादातून मी चुलतभावाला ज्या कोयत्याने मारले, तो कोयता व माझा शर्ट मी शेतातल्या कडब्याच्या गंजीत लपवून ठेवला आहे. माझ्यासोबत चला, काढून देतो.’ यातला ‘जमिनीच्या वादातून मी चुलतभावाला ज्या कोयत्याने मारले’ हा तुकडा पुराव्यात येत नाही. ‘कोयता व माझा शर्ट मी शेतातल्या कडब्याच्या गंजीत लपवून ठेवला आहे, काढून देतो’ एवढंच येतं.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा मूळ नियम. कोठडीतल्या आरोपीच्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघड झाली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे जोडलेली तेवढी माहिती मात्र चालते, मग ती कबुलीच्या स्वरूपाची का असेना. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे. कोर्टात अजून सगळे ‘सत्तावीसचा पंचनामा’च म्हणतात.

रेष नेमकी कुठे ओढायची हे प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या प्रकरणात घालून दिलं (ए.आय.आर. १९४७). गंजीतून कोयता निघाला, यावरून दोन गोष्टी खऱ्या ठरतात : कोयता तिथे होता आणि तो तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं. त्याने कोणाला मारलं, हे गंजी उपसून कळत नाही. वस्तूचा आधीचा वापर त्या शोधाचा भागच नाही. तो आत घेतला असता, तर कबुलीला एखादी वस्तू जोडली की कबुलीवरची बंदी संपलीच असती.

म्हणून पंचाच्या सरतपासात तो पहिला तुकडा बोलायच्या आधीच हरकत घ्यावी लागते. न्यायाधीश ग्राह्य भाग कंसात घेतात आणि तेवढ्यालाच निशाणी पडते. निवेदन अख्खंच्या अख्खं साक्षीत उतरलं, तर पुढे युक्तिवादात ते वेगळं काढताना घाम फुटतो.

खरी पडझड मात्र कागद तयार होतानाच झालेली असते. पंच पोलीस ठाण्यात आधी हजर हवेत, आणि आरोपीचे शब्द त्यांच्यासमोर, शक्यतो त्याच्याच भाषेत उतरायला हवेत. पंचांना थेट शेतात बोलावलं असेल, तर निवेदन त्यांनी ऐकलेलंच नसतं आणि उलटतपासात ते दोन प्रश्नांत उघडं पडतं. मी मेमोरंडमची वेळ, ठाण्यातून निघाल्याची स्टेशन डायरीतली नोंद आणि जप्तीची वेळ शेजारी शेजारी मांडून बघतो. वीस किलोमीटरचं अंतर दहा मिनिटांत कापलेलं दिसलं, की बचावाला आणखी काही लागत नाही. शोध घेऊन झाल्यावर लिहिलेलं निवेदनही असंच उघडं पडतं, कारण पोलिसांना जागा आधीच ठाऊक असेल तर आरोपीच्या सांगण्याने काहीच उघड झालं नाही.

ग्राह्य भाग मिळाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असंही नाही. मोहम्मद इनायतुल्ला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७५ सालच्या निकालात मुंबई बंदरातून चोरीला गेलेल्या रसायनाच्या तीन ड्रमचा प्रश्न होता. ड्रम कुठे ठेवलेत ते सांगतो, एवढंच सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरलं. ते आपण अमुक ठिकाणाहून नेले, हा भाग वगळला. ड्रम सापडले ते कोणीही येऊ-जाऊ शकेल अशा आवारात. जागा माहीत असण्याला चोरीशिवाय दुसरंही कारण असू शकतं, म्हणून आरोपी सुटला. आपल्या उदाहरणात गंजी कोणाच्या शेतात होती, कोयता वर दिसत होता की पेंढ्या काढल्यावर निघाला, याला म्हणूनच वजन आहे. पंचनाम्यात ‘गंजीतून काढून दिला’ एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा माझी पंचाईत होते.

तिथून पुढे कोयता खुनाशी जोडायचं काम दुसऱ्या पुराव्याने करावं लागतं. तो जागेवरच कागदात गुंडाळून, पंचांच्या सह्यांचं लेबल आणि लाखेचं सील लावून, त्याच स्थितीत प्रयोगशाळेत पोहोचला हे मुद्देमाल कारकुनाच्या साक्षीने आणि रजिस्टरने दाखवायचं. अहवालात मानवी रक्त एवढंच आलं आणि गट निघाला नाही, तर दुवा कच्चा राहतो. हत्यार शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून, या जखमा त्याने होऊ शकतात का, हा अभिप्रायही तपासातच घ्यायला हवा. बऱ्याच कागदांत हेच पत्र सापडत नाही आणि डॉक्टरांनी तो कोयता पहिल्यांदा साक्षीच्या पिंजऱ्यातच पाहिलेला असतो.